फोटोची तारीख, फाइलची तारीख : एका विसंगतीचा साधार इतिहास

कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घेतले, तिथून पेन ड्राइव्हवर आणि पुढे फोनमध्ये नेले, की एकाच फोटोच्या दोन तारखा दिसू लागतात. Date taken म्हणते २०१९, Date modified म्हणते २०२४. कधी हा फरक एक-दोन सेकंदांचा असतो, कधी बरोबर साडेदहा तासांचा. अशा वेळी ‘कॉपी करताना तारीख बिघडली’ असे सर्रास म्हटले जाते. जुनी कागदपत्रे वाचली की हे निदान टिकत नाही. या दोन तारखा दोन वेगळ्या परंपरांनी, वेगळ्या कामांसाठी, जवळपास पाव शतकाच्या अंतराने निर्माण केल्या. त्या जुळाव्यात अशी अट कोणत्याही मूळ कागदात घातलेली नाही.

सुदैवाने हे कागद उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या युनिक्स पुस्तिका आणि त्या प्रणालीचा मूळ प्रोग्राम आज कोणालाही वाचता येतो. डॉसची डिस्कवरची मांडणी प्रसिद्ध आहे. टिफ आणि एक्झिफ या चित्रविषयक मानकांचे मसुदे आहेत, आणि विंडोजमध्ये कॉपी केल्यावर कोणती तारीख बदलते याबद्दल खुद्द मायक्रोसॉफ्टची टिपणीही आहे. ही साधने कालक्रमाने लावली की गुंता बराचसा सुटतो.

१९७१ : तारीख फाइलच्या बाहेर

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यात फाइलची माहिती डिस्कवर कशी ठेवली जाते ते दिले आहे. प्रत्येक फाइलमागे ३२ बाइटची एक वेगळी नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कच्या कोणत्या भागांत आहे, हे सारे त्या नोंदीत. तिथेच चार-चार बाइटच्या दोन वेळा आहेत : फाइल निर्माण झाल्याची आणि ती शेवटची बदलल्याची. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या रचनेतच आहे. तारीख फाइलच्या मजकुरात नाही, मजकुराबद्दलच्या नोंदीत आहे, आणि ती नोंद त्या त्या डिस्कची मालमत्ता आहे.

ही वेळ १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जाई. ३२ बिटांत अशी मोजणी सव्वादोन वर्षांच्या थोडी पुढेच संपते, आणि हा दोष लेखकांनी पुस्तिकेत स्वतःच नोंदवला आहे. म्हणजे ही तारीख दशकानुदशके जपण्यासाठी योजलेली नव्हती. मग ती कशासाठी होती? त्याच पुस्तिकेतल्या tap या प्रोग्रामच्या पानावर तिचा उपयोग दिसतो. हा प्रोग्राम फाइली चुंबकीय टेपवर उतरवून ठेवी. टेप अद्ययावत करताना तो बदलल्याची तारीख पाही आणि टेपवरच्या प्रतीपेक्षा नवी असलेली फाइलच पुन्हा उतरवी. थोडक्यात, ‘गेल्या वेळेनंतर हिच्यात काही बदल झाला का?’ या एका प्रश्नाचे उत्तर देणारी ही तारीख आहे. वस्तू मुळात कधीची, हा तिचा विषयच नाही.

आता cp, म्हणजे कॉपी करण्याच्या आज्ञेचे पान पाहू. पहिली फाइल वाचण्यासाठी उघडायची, दुसरी नव्याने निर्माण करायची आणि पहिलीतला मजकूर दुसरीत ओतायचा, एवढेच काम तिथे सांगितले आहे. तारखेचा उल्लेख नाही. दुसरी फाइल नवी, तिचा आयनोड नवा, आणि त्यात मजकूर पडला तो आत्ता. तेव्हा बदलल्याची वेळही आत्ताची. कॉपी करताना जुनी तारीख कोणी पुसत नाही. मूळ फाइलची तारीख मूळ जागी शाबूत राहते. नव्या फाइलला नवी तारीख मिळते, आणि आपण नजर टाकतो ती नव्या फाइलवर.

१९७५ : एक मागे घेतलेली सोय

जुनी तारीख नव्या फाइलवर चढवायची सोय तेव्हा नव्हती असेही नाही. पहिल्या आवृत्तीतच mdate नावाची प्रणाली-आज्ञा होती. टेपवरची फाइल परत डिस्कवर घेताना तिची बदलल्याची तारीख मूळचीच राहावी, अशी tap ची रीत होती. तिला अशी सोय लागणारच. पुढे ही आज्ञा smdate या नावाने दिसते. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत मात्र ती बंद केलेली आढळते. मूळ प्रोग्राममध्ये ती कोणत्या कारणाने मागे घेतली हे एका छोट्या टिप्पणीत लिहून ठेवले आहे : या आज्ञेने टप्प्याटप्प्याच्या बॅकअपमध्ये घोळ होतो, कारण जुन्या असल्याचा आव आणणाऱ्या फाइली बॅकअपमधून सुटतात. आज्ञा चालते, हवी तर सुरू करून घ्या, असेही तिथे पुढे म्हटले आहे.

हा घोळ नेमका कसा होत असेल ते पाहू. सोमवारी रात्री पूर्ण बॅकअप झाला. मंगळवारी एकाने दुसऱ्या टेपवरची फाइल डिस्कवर आणली आणि तिच्यावर तिची जानेवारीतली मूळ तारीख चढवली. मंगळवारी रात्रीचा बॅकअप फक्त ‘सोमवारनंतर बदललेल्या’ फाइली उचलतो. या फाइलची तारीख जानेवारीची, म्हणून ती मागे राहते. बुधवारी डिस्क बिघडली, तर ती फाइल कोणत्याच बॅकअपमध्ये सापडणार नाही.

ही टिप्पणी cp बद्दल नाही, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्या काळी या तारखेकडे कसे पाहिले जाई, याचा याहून थेट पुरावा मिळणे कठीण. कॉपी झालेली फाइल या डिस्कपुरती नवीच आहे आणि बॅकअपने तिला नवी म्हणूनच उचलले पाहिजे, हा त्यातला विचार आहे. आज आपल्याला जो दोष वाटतो, ती त्या व्यवस्थेत सुरक्षिततेची गरज होती.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत यावर तोड निघाली. तारीख बदलण्याची सोय utime या नावाने परत आली, पण आयनोडमध्ये आता तीन वेळा होत्या : वाचल्याची, मजकूर बदलल्याची, आणि खुद्द आयनोडच्या नोंदीत फेरफार झाल्याची. utime ने कोणी मजकुराची तारीख मागे नेली, तर तिसरी वेळ आपोआप ‘आत्ता’ होते आणि ती हवी तशी ठरवून देता येत नाही. लबाडी केली तरी तिचा ठसा उरतो. या नव्या मांडणीत फाइल निर्माण झाल्याची वेळ मात्र कुठेच उरली नाही. पुढे १९९२ च्या पॉझिक्स मानकात cp ला -p हा पर्याय आहे; तो दिला की बदलल्याची तारीख मूळची राहते. न दिला तर १९७१ चीच रीत. लिनक्सवर आजही तसेच आहे.

डॉस आणि विंडोज : उलटी रीत

आयबीएमच्या पर्सनल काँप्यूटरबरोबर १९८१ मध्ये आलेल्या डॉसमध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीत एकच तारीख होती. वेळ १९८२ च्या १.१ या आवृत्तीत आली. दोन्हींना मिळून चारच बाइट. दोन बाइटांत तास, मिनिट आणि सेकंद बसवायचे, तर सेकंदांच्या वाट्याला पाच बिट येतात आणि पाच बिटांत ३२ च मूल्ये मावतात. म्हणून सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने मोजले जातात. कोणत्या देशाची वेळ, हे लिहायला जागाच नाही. घड्याळ जे दाखवते ते लिहायचे.

डॉसची COPY ही आज्ञा मात्र युनिक्सच्या उलट वागे. कॉपीवर ती मूळ फाइलचीच तारीख ठेवी. आजची तारीख हवी असेल तर आज्ञेत नावापुढे अधिकचिन्ह आणि दोन स्वल्पविराम देण्याची खास युक्ती करावी लागे. विंडोजने हीच रीत पुढे चालवली. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही डिस्क-रचना आली. तिच्यात फाइल निर्माण झाल्याची वेळ वेगळी आहे आणि सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहिल्या जातात. मायक्रोसॉफ्टच्या टिपणीनुसार कॉपी केलेल्या फाइलची बदलल्याची तारीख जुनीच राहते आणि निर्माण झाल्याची तारीख आत्ताची होते. विंडोजमध्ये Date created ही Date modified च्या नंतरची दिसते आणि ‘जन्माआधीच बदल कसा?’ असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हेच.

म्हणून ‘कॉपी केल्यावर तारीख बदलते का?’ याला एक उत्तर नाही. विंडोजच्या खिडकीतून कॉपी केलेल्या फोटोची बदलल्याची तारीख टिकते. लिनक्सवर नुसत्या cp ने केली तर ती आजची होते. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. तिथे एखाद्या अॅपने आलेला फोटो साठवताना नवी फाइल निर्माण केली आणि जुनी तारीख मुद्दाम चढवली नाही, तर फोटो फोनमध्ये आला तो क्षणच तिची तारीख ठरतो.

एक्झिफ : तारीख फाइलच्या आत

दुसरी परंपरा चित्रांची. जून १९९२ मध्ये आल्डस कंपनीने टिफ या चित्रप्रकाराच्या मानकाची सहावी आवृत्ती काढली. तिच्यात चित्राच्या माहितीला क्रमांक दिलेले आहेत, आणि ३०६ क्रमांकाचा रकाना DateTime हा तारखेचा आहे. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद अशी साध्या अक्षरांत लिहिलेली २० बाइटची ओळ, एवढेच तिचे स्वरूप.

जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक आणले, तेव्हा टिफची हीच मांडणी उचलली आणि जेपेग फाइलच्या सुरुवातीला एका राखीव भागात बसवली. एक्झिफमध्ये तारखेचे आणखी दोन रकाने आहेत. ३६८६७ हा DateTimeOriginal, म्हणजे दृश्य टिपल्याची वेळ. ३६८६८ हा DateTimeDigitized, म्हणजे त्याचे डिजिटल रूप झाल्याची वेळ. १९७५ मध्ये काढलेली स्लाइड २००५ मध्ये स्कॅन केली, तर पहिल्यात १९७५ आणि दुसऱ्यात २००५ यावे. डिजिटल कॅमेऱ्यात दोन्ही घटना एकदमच घडतात, म्हणून दोन्हींत एकच वेळ असते. ३०६ क्रमांकाचा जुना रकाना एक्झिफमध्ये फाइल बदलल्याच्या वेळेसाठी राहिला. विंडोज Date taken म्हणून दाखवते ती सहसा DateTimeOriginal.

ही तारीख फाइलच्या मजकुराचा भाग आहे. cp असो, COPY असो, मजकूर जसाच्या तसा नेणारी प्रत्येक कॉपी तिला सोबत घेऊन जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही : अस्सल पत्रातली मिती नकलेतही तशीच उतरते, नक्कल कधी केली ते नकलकाराच्या शेऱ्यावरून कळते.

पण आतल्या तारखेलाही मर्यादा आहेत. ती कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबून असते. बॅटरी संपून घड्याळ मागे गेले असेल, तर एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीचे फोटो ढिगाने सापडतात. दुसरे, वेळ कोणत्या देशाची हे लिहायला एक्झिफमध्ये बरीच वर्षे जागा नव्हती. त्यासाठीचे OffsetTime हे रकाने २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आले. तिसरे, व्हॉट्सअॅपसारखे अॅप फोटो लहान करून पाठवते तेव्हा जेपेग नव्याने बनवले जाते आणि एक्झिफचा भाग गळतो. मग Date taken रिकामी राहते. उरते ती IMG-20240315-WA0007.jpg अशा नावातली तारीख, आणि तिच्यावरून फोटो काढल्याचा दिवस ठरवता येत नाही.

एका फाइलचा माग

समजा, १५ जानेवारी २०१९ रोजी पुण्यात संध्याकाळी ५ वाजून ४२ मिनिटे १९ सेकंदांनी न्यू जर्सीहून आलेल्या पाहुण्यांनी एक फोटो काढला. कॅमेऱ्यात फॅट३२ रचनेचे ३२ जीबीचे कार्ड आहे. फोटोच्या आत ओळ लिहिली जाते ती `2019:01:15 17:42:19`. फाइल कार्डावर लिहून व्हायला क्षणभर लागतो, आणि कार्डाच्या नोंदीत सेकंद सम आकड्यातच बसतात. तिथे वेळ पडते ५ वाजून ४२ मिनिटे २० सेकंद. कार्डावरचे ते चार बाइट उलगडले तर असे दिसतात :

```
4E2F = 39 | 1 | 15    ->  1980+39, 01, 15
8D4A = 17 | 42 | 10   ->  17:42, 10 x 2 = 20
```

म्हणजे कॉपी होण्याआधीच, मूळ कार्डावरच, दोन तारखांत एका सेकंदाचा फरक आहे. त्याला कोणाची चूक म्हणता येणार नाही.

हे कार्ड घेऊन पाहुणे न्यू जर्सीला परतले आणि तिथल्या वेळेवर लावलेल्या लॅपटॉपमध्ये त्यांनी ते घातले. कार्डावर फक्त १७:४२:२० लिहिले आहे, देश नाही. विंडोज ती वेळ न्यू जर्सीची धरते. फोटो एनटीएफएस रचनेच्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला की ती जागतिक प्रमाणवेळेत २२:४२:२० म्हणून नोंदली जाते, कारण हिवाळ्यात तिथली वेळ पाच तास मागे असते. ती डिस्क पुण्यात आणून उघडली, की विंडोज साडेपाच तास मिळवून दाखवते : १६ जानेवारी, पहाटे ४ वाजून १२ मिनिटे. आतली तारीख मात्र १५ जानेवारीची संध्याकाळच सांगते. फरक साडेदहा तास आणि एक सेकंद, आणि दोन्ही कारणे आपल्याला सापडली. ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डांवर असते त्या एक्सफॅट रचनेत देशाचा फरक पंधरा-पंधरा मिनिटांच्या एककात लिहायची जागा आहे. कॅमेऱ्याने ती नीट भरली, तर हा घोटाळा टळतो.

शेवटी २ जून २०२४ रोजी तो फोटो लिनक्सच्या संगणकावर नुसत्या cp ने नेला. फिल हार्वे यांच्या एक्झिफटूल या प्रोग्रामला सर्व तारखा विचारल्या, तर त्यातल्या आपल्या कामाच्या ओळी अशा असतील :

```
exiftool -a -G1 -s -time:all IMG_2041.JPG

[System]   FileModifyDate    : 2024:06:02 11:05:37+05:30
[IFD0]     ModifyDate        : 2019:01:15 17:42:19
[ExifIFD]  DateTimeOriginal  : 2019:01:15 17:42:19
[ExifIFD]  CreateDate        : 2019:01:15 17:42:19
```

पहिली ओळ डिस्कच्या नोंदीतली. बाकीच्या तीन फोटोच्या पोटातल्या; ३०६ क्रमांकाच्या रकान्याला एक्झिफटूल ModifyDate म्हणते आणि DateTimeDigitized ला CreateDate. पहिलीतले +05:30 फाइलच्या नोंदीत लिहिलेले नाही, पाहणाऱ्या संगणकाच्या घड्याळावरून ते जोडले गेले आहे. आतल्या ModifyDate आणि DateTimeOriginal एकच आहेत. तेव्हा २०२४ मध्ये कोणी चित्रात फेरफार केला असे मानायला यात आधार नाही. अर्थात, फेरफार करणाऱ्या प्रत्येक अॅपने ती ओळ बदललेली असतेच असे नाही, म्हणून एवढ्यावरून चित्र अस्सल असल्याचा निर्वाळाही देता येत नाही.

फरकाच्या आकारावरून कारण बरेचदा ओळखता येते. एक-दोन सेकंद असतील तर फॅट कार्डाची मोजपट्टी. पूर्ण तास किंवा अर्ध्या तासाच्या पटीत असेल तर देशांच्या वेळा. शेकडो फोटोंच्या बदलल्याच्या वेळा ओळीने काही मिनिटांत आल्या असतील तर ती कॉपी केल्याची वेळ. आणि एकाच फोटोचा फरक वेडावाकडा, शेजारच्या फोटोंचा तसा नसेल, तर तो पुढे कधीतरी फिरवला, कापला किंवा सुधारला असण्याची शक्यता मोठी.

तेव्हा फोटो काढल्याचा दिवस ठरवायचा असेल तर साक्ष DateTimeOriginal ची घ्यावी, आणि तीही कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते ना हे तपासून. Date modified ने फक्त त्या डिस्कवरच्या फाइलचा इतिहास कळतो. लिनक्सवर कॉपी करताना cp -p वापरावे. तारीख आधीच बदलली असेल तर आतल्या तारखेवरून ती परत लावता येते :

```
exiftool "-FileModifyDate<DateTimeOriginal" *.JPG
```

व्हॉट्सअॅपवरून जपून ठेवायचा फोटो पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसा पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते आणि आतली तारीखही तिच्याबरोबर पोहोचते.